सलूनचं नाव, फोटो आणि ऑफर कुणी उचलली तर? एका दिवाळीचा अनुभव

"ताई, सिडकोत नवीन ब्रांच उघडली का? पेढे कुठेत?"

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी माझ्या मावसबहिणीच्या व्हॉट्सअॅपवर हा मेसेज आला. ताईचं नाशिकला कॉलेज रोड भागात छोटं सलून आहे. सहा वर्षं झाली, तीन खुर्च्या, दोन मुली कामाला. ब्रांच वगैरे काही उघडलेली नव्हती. तिला वाटलं, कुणीतरी चुकून दुसऱ्याचा मेसेज तिला पाठवला. संध्याकाळी अजून एकीचा फोन आला, "तुमचं दिवाळी पॅकेज सिडकोलापण १,४९९ लाच आहे ना?" तेव्हा तिने मला बोलावलं, कारण घरातलं 'फोनचं काम' माझ्याकडे असतं.

शोधलं तर सापडलं. नवीन सलून, नाव ताईच्याच सलूनचं, फक्त स्पेलिंगमध्ये एका `a` ऐवजी दोन, आणि इन्स्टाग्रामच्या हँडलपुढे `_official` लावलेलं. म्हणजे सहा वर्षं जुनं आमचं ते अनधिकृत आणि दोन महिन्यांचं त्यांचं ते अधिकृत! पेजवर चौदा फोटो, चौदाही ताईच्या पेजवर आधी आलेले. आणि दिवाळी पॅकेज शब्दाला शब्द तेच: फेशियल, हेअर स्पा, मॅनिक्युअर, १,४९९.

ताईची पहिली प्रतिक्रिया तुमची-माझी झाली असती तीच. "थांब, आत्ता यांना मेसेज टाकते आणि स्टोरी लावून सगळ्यांना सांगते." मी तिच्या हातातून फोन काढून घेतला. त्या दिवशीचं माझं तेवढं एक काम पुढच्या महिन्याभरात सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. का, ते आधी सांगतो.

पहिला तास: बोलायचं नाही, गोळा करायचं

समोरच्याला "फोटो काढा" असा मेसेज गेला की तो दोन गोष्टी करतो: पोस्ट डिलीट करतो आणि तुम्हाला ब्लॉक करतो. प्रश्न सुटला असं वाटतं, पण आठवड्याने तो नव्या हँडलने परत येतो आणि तुमच्याकडे दाखवायला काहीच नसतं. म्हणून आधी पुरावा.

आम्ही नुसते स्क्रीनशॉट काढले नाहीत, स्क्रीन रेकॉर्डिंग केलं. सुरुवात फोनच्या होम स्क्रीनपासून, म्हणजे वेळ आणि तारीख दिसते. मग अॅप उघडायचं, हँडल सर्चमध्ये टाइप करायचं, प्रोफाइल उघडायचं, एकेक पोस्ट उघडून तिची तारीख दिसेपर्यंत खाली जायचं. मधे कुठेही कट नाही. कापलेला स्क्रीनशॉट कुणीही एडिट केला म्हणू शकतं, सलग रेकॉर्डिंगबद्दल तसं म्हणणं अवघड जातं.

त्यानंतर प्रत्येक पोस्टची लिंक कॉपी करून एका फाइलमध्ये ठेवली. प्रोफाइलची एकच लिंक पुरत नाही, हे पुढे फॉर्म भरताना कळतं. प्रोफाइलवरच्या तीन टिंबांवर `About this account` असतं. तिथे अकाउंट कधी सुरू झालं आणि आधी किती वेळा नाव बदललं, ते बहुतेक वेळा दिसतं. आमच्या बाबतीत अकाउंट ऑगस्टमधलं निघालं. ताईची पहिली पोस्ट त्याच्या सहा वर्षं आधीची. आधी कोण, हा प्रश्न तिथेच मिटला.

अजून एक जागा बरेच जण विसरतात. समोरच्याने इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवर पैसे देऊन जाहिरात चालवली असेल, तर `facebook.com/ads/library` वर ती कुणालाही दिसते, लॉगिनसुद्धा लागत नाही. जाहिरात कधी सुरू झाली तेही दिसतं. मात्र आपल्याकडच्या साध्या, व्यावसायिक जाहिराती तिथे चालू असेपर्यंतच दिसतात. आज आहे ती उद्या नसेल, म्हणून लगेच रेकॉर्ड करा.

आणि तो पहिला मेसेज, "नवीन ब्रांच उघडली का?" ताई तो डिलीट करून टाकणार होती. पण या सगळ्या प्रकरणात कोर्टाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा कागद तोच होता. कारण पुढे येतंय.

फोन किंवा चॅटमधला पुरावा कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र लागतं. ते वकील तयार करून घेतात. तुमचं काम एवढंच की मूळ फाइल ज्या फोनमध्ये आहे तिथून उडवू नका, तो फोन फॉरमॅट करू नका.

चोरी एक नाही, तीन आहेत

ताईच्या तोंडी एकच वाक्य होतं, "सगळंच्या सगळं चोरलं." पण 'सगळं' असा कायदा नाही. नाव, फोटो आणि ऑफर या तीन वेगळ्या वस्तू आहेत आणि तिघींची ताकद सारखी नाही. फोटोवरचा हक्क क्लिक केल्या क्षणी तयार होतो आणि तक्रार लवकर लागू होते. नावावरचा हक्क असतो, पण तो सिद्ध करावा लागतो. आणि ऑफरवर जवळपास काहीच हक्क नसतो. लोक नेमकं उलटं करतात. आधी ऑफरवरून भांडतात, मग नावावरून, आणि फोटोकडे कुणाचं लक्षच जात नाही. आम्ही फोटोंपासून सुरुवात केली.

फोटो: आधी स्वतःची मोजणी करा

कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे फोटोचा हक्क मिळवायला नोंदणी लागत नाही. ज्याने फोटो काढला तो साधारणपणे मालक. ताईने स्वतः फोनवर काढले तर ताई मालक. कामावरच्या मुलीने नोकरीचा भाग म्हणून काढले तरी, वेगळा करार नसेल तर, सलूनची मालकीण म्हणून ताईच मालक.

म्हणून मला वाटलं होतं की चौदाच्या चौदा फोटोंची तक्रार टाकू. एकेक फोटो घेऊन बसल्यावर चित्र बदललं.

नऊ फोटो ताईने किंवा तिच्या मुलींनी काढलेले होते. मूळ फाइल ताईच्या फोनमध्ये, तारीख-वेळेसकट. हे पक्के.

तीन फोटो नवरीचे होते, लग्नाच्या फोटोग्राफरने काढलेले. नवरीने ते प्रेमाने पाठवले आणि ताईने पेजवर टाकले. इथे मालक ताई नाही. पैसे देऊन फोटो काढून घेतले असतील आणि वेगळा करार नसेल, तर हक्क पैसे देऊन काम सांगणाऱ्याचा, म्हणजे नवरीच्या घरच्यांचा. ताईने मेकअप केला हे खरं, पण फोटोचा हक्क मेकअपवरून ठरत नाही.

उरलेले दोन? ताई गप्प बसली. मग म्हणाली, "ते मीच पिंटरेस्टवरून घेतले होते." म्हणजे आमच्याकडून चोरलेले दोन फोटो आम्हीसुद्धा उचललेलेच!

हे गमतीचं वाटेल, पण महत्त्वाचं आहे. कॉपीराइटचा फॉर्म भरताना तुम्ही माहिती खरी असल्याचं प्रतिज्ञेवर सांगता. दुसऱ्याचा फोटो आपला म्हणून टाकलात आणि समोरच्याने ते दाखवून दिलं, तर तुमच्या पक्क्या नऊ फोटोंवरचाही विश्वास जातो. आम्ही ते दोन फोटो आधी ताईच्या पेजवरून काढले. नवरीला फोन करून सांगितलं की तुझे फोटो कुणीतरी दुसऱ्या सलूनच्या जाहिरातीत वापरतंय. तिने स्वतः तक्रार केली. तिचा चेहरा होता, फोटो तिचे होते, तिची तक्रार आमच्यापेक्षा वजनदार.

आमचे नऊ आम्ही मेटाच्या कॉपीराइट फॉर्ममधून टाकले. हा फॉर्म अॅपमधल्या साध्या 'रिपोर्ट' बटणापेक्षा वेगळा असतो. मदत केंद्रात कॉपीराइट शोधलं की मिळतो. तिथे तीन गोष्टी अडतात. एक, प्रत्येक चोरलेल्या पोस्टची वेगळी लिंक द्यावी लागते. दोन, प्रत्येकासमोर तुमच्या मूळ पोस्टची लिंक द्या, तपासणाऱ्याला दोन्ही शेजारी ठेवून बघता आलं पाहिजे. तीन, तुमचं नाव आणि ईमेल समोरच्या पार्टीला कळू शकतं. म्हणून घरचा ईमेल न देता सलूनच्या नावाचा वेगळा ईमेल बनवून तो दिला. त्या आयडीवर नंतर दोन खोचक मेल आले. घरच्या आयडीवर आले असते तर ताईची झोप उडाली असती.

तिसऱ्या दिवशी नऊही पोस्ट गायब झाल्या. पण समोरच्याने प्रतिदावा केला, म्हणजे 'फोटो माझेच आहेत' असं लिहून दिलं, तर गोष्ट इथे थांबत नाही. अमेरिकी कायद्याच्या पद्धतीने चालणाऱ्या या प्रक्रियेत मग तुम्हाला कोर्टात गेल्याचा पुरावा द्यावा लागतो, नाहीतर साधारण १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत पोस्ट परत येऊ शकते. म्हणून मूळ फाइल जपा. व्हॉट्सअॅपवरून साधा फोटो म्हणून पाठवलेल्या कॉपीत कॅमेऱ्याची तारीख वगैरे माहिती निघून जाते. मूळ कॅमेरा फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि कुणाला द्यायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

गूगल मॅप्सवरही त्यांनी आमचे दोन फोटो टाकले होते. तिथे फोटो उघडून तीन टिंबांतून रिपोर्ट करता येतो, पण मालकीच्या प्रश्नासाठी गूगलचा कायदेशीर तक्रारीचा वेगळा फॉर्म आहे, तोच वापरा.

अॅपने तक्रार फेटाळली किंवा उत्तरच दिलं नाही तर? भारतात चालणाऱ्या अशा प्रत्येक प्लॅटफॉर्मला तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचा पत्ता वेबसाइटवर द्यावा लागतो. त्याच्या निर्णयावर समाधान नसेल तर ३० दिवसांच्या आत `gac.gov.in` वर सरकारच्या अपील समितीकडे जाता येतं. सगळं ऑनलाइन होतं.

ऑफर: इथे राग गिळावा लागतो

ताईला सगळ्यात जास्त झोंबली होती ती ऑफर. "१,४९९ हा आकडा मी दोन रात्री हिशोब करून काढला होता!"

खरंय. पण फेशियल, हेअर स्पा आणि मॅनिक्युअर १,४९९ ला देणं ही कल्पना आहे, आणि कल्पनेवर कॉपीराइट नसतो. उद्या शेजारचाही तेच पॅकेज त्याच भावात देऊ शकतो. पोस्टरची मांडणी आणि मजकूर हुबेहूब उचलला तर थोडी जागा मिळते. पण ताईचं पोस्टर एका अॅपच्या तयार टेम्प्लेटवर केलेलं होतं. टेम्प्लेट तिचं नव्हतं, त्यातला फोटो तेवढा तिचा होता. म्हणून पोस्टरची तक्रारही आम्ही फोटोच्या नावानेच केली.

तरीही ऑफरचं रेकॉर्डिंग आम्ही ठेवलं, कारण तिचा उपयोग दुसरीकडे होतो. एकच नाव कुणी योगायोगाने ठेवू शकतं. पण तेच नाव, तेच फोटो आणि तीच ऑफर, तेही त्याच आठवड्यात? मग योगायोग म्हणणं अवघड होतं. ऑफर एकटी काही सिद्ध करत नाही, पण नावाच्या भांडणात समोरच्याचा हेतू दाखवते.

नाव: "आमच्याकडेपण शॉप अॅक्ट आहे"

फोटो गेले, पण सलून तिथेच, बोर्ड तोच. आम्ही इन्स्टाग्रामवर 'दुसऱ्या व्यवसायाचं सोंग घेतलंय' अशी तक्रार केली. उत्तर नकारार्थी आलं. त्यांचा पत्ता वेगळा, फोन वेगळा, सलून खरंखुरं, मग प्लॅटफॉर्मला ते सोंग वाटत नाही. ट्रेडमार्कचा फॉर्म वेगळा असतो, पण तो नोंदणी क्रमांक मागतो. ताईकडे तो नव्हता.

मग ताईच्या मिस्टरांनी त्या सलूनला सरळ फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "आमच्याकडेपण याच नावाचं शॉप अॅक्ट आहे, काय करायचं ते करा."

हा महाराष्ट्रातला सर्वांत पसरलेला गैरसमज आहे, म्हणून नीट सांगतो. शॉप अॅक्ट, उद्यम, जीएसटी, कशानेही नावाचा हक्क मिळत नाही. शॉप अॅक्टच्या कार्यालयाला एवढंच कळवायचं असतं की इथे आस्थापना चालते आणि कामाला इतकी माणसं आहेत. हे नाव राज्यात आणखी कुणाचं आहे का, हे ते तपासत नाहीत. दोघांकडे एकाच नावाचं शॉप अॅक्ट असू शकतं. मात्र त्यावरची तारीख तुमच्या कामाची आहे. ती सांगते की तुम्ही हे नाव कधीपासून वापरताय.

आणि नावाच्या भांडणात 'कधीपासून' हाच मुख्य प्रश्न असतो. ट्रेडमार्क नोंदवलेला नसला तरी ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम २७ मध्ये जुना हक्क राखून ठेवलाय: आपला माल किंवा सेवा दुसऱ्याची आहे असं भासवून विकणाऱ्याविरुद्ध दावा करता येतो. वकील याला 'पासिंग ऑफ' म्हणतात. त्यात तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: त्या नावाला गिऱ्हाइकांत ओळख आहे, समोरच्याच्या वागण्याने लोकांचा गोंधळ होतोय, आणि त्याने तुमचं नुकसान होतंय किंवा होणार आहे.

आता तो पहिला मेसेज आठवा. "नवीन ब्रांच उघडली का?" गिऱ्हाईक नावाने ओळखतं आणि त्याचा गोंधळ झालाय, दोन्ही गोष्टी एका ओळीत. ताईने नंतर असे पाच मेसेज आणि दोन कॉलची नोंद ठेवली: कोण, कधी, काय म्हणालं.

"पण ते सिडकोत, आपण कॉलेज रोडला, अंतर आहे ना," अशी शंका ताईच्या सासऱ्यांनी काढली. याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात आहे. लक्ष्मीकांत पटेल विरुद्ध चेतनभाई शहा, डिसेंबर २००१. अहमदाबादमध्ये 'मुक्तजीवन कलर लॅब' नावाने पटेल १९८२ पासून फोटोचा व्यवसाय करत होते. त्याच शहरात दुसऱ्या भागात लॅब असलेल्यांनी तेच नाव घ्यायचं ठरवलं. खालच्या कोर्टाने आणि उच्च न्यायालयाने पटेलांना तात्पुरता मनाई हुकूम दिला नाही. सर्वोच्च न्यायालयाने तो दिला. तुमच्या नावाने गिऱ्हाईक दुसरीकडे वळत असेल तर दुकान शहराच्या दुसऱ्या भागात आहे एवढ्याने समोरचा सुटत नाही. तीही सेवा देणारी छोटी लॅबच होती, ताईच्या सलूनसारखी.

मर्यादाही सांगतो. नाव 'ब्युटी पार्लर', 'लेडीज सलून', 'न्यू लूक' अशा प्रकारचं असेल तर ते फक्त तुमचं आहे असं पटवणं कठीण जातं. समोरची मालकीण स्वतःचंच नाव प्रामाणिकपणे वापरत असेल तर कायदा तिलाही संरक्षण देतो. ताईच्या सलूनला तिच्या आजीचं जुन्या वळणाचं, आज फारसं न ऐकू येणारं नाव आहे, आणि तिकडच्या घरात त्या नावाचं कुणी नव्हतं. म्हणून आमची बाजू बळकट होती.

आम्ही वकिलामार्फत नोटीस पाठवली. दोन पानांची. वापर कधीपासून, त्याचे कागद, चोरलेल्या फोटोंची यादी, ग्राहकांच्या गोंधळाचे दाखले आणि मागणी: पंधरा दिवसांत बोर्ड, हँडल आणि गूगल मॅप्सवरचं नाव बदला. 'आमचा ट्रेडमार्क नोंदणीकृत आहे' असं त्यात कुठेही नव्हतं. नोंदणी नसताना तसं सांगणं किंवा नावापुढे ® लावणं हा कलम १०७ खाली गुन्हा आहे. ™ मात्र कुणीही लावू शकतं. आणि उशीर करू नका. समोरच्याला वर्ष-दोन वर्षं चालू दिलं की कोर्ट विचारतं, इतके दिवस गप्प का होतात?

ॲडव्हान्स गेला असेल तर गोष्ट वेगळी

नोटीस गेली त्याच आठवड्यात एक मुलगी ताईच्या सलूनमध्ये आली. तुळशीच्या लग्नानंतर तिचं लग्न होतं. "ब्रायडलचा ट्रायल आज आहे ना? दोन हजार ॲडव्हान्स दिलाय." पैसे तिकडच्या यूपीआयवर गेले होते. तिने चॅट दाखवलं. तिने विचारलं होतं, "कॉलेज रोडवालेच ना तुम्ही?" आणि उत्तर होतं, "हो हो, तीच टीम."

या चार शब्दांनी प्रकरण बदललं. नाव सारखं असणं हा दिवाणी वाद. पण 'आम्ही तेच आहोत' असं खोटं सांगून पैसे घेणं म्हणजे तोतयेगिरी करून फसवणूक. त्याला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१९ आहे आणि फोन-कॉम्प्युटर वापरून केली असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ड.

मात्र पैसे ताईचे गेले नव्हते, त्या मुलीचे गेले होते. म्हणून तक्रार तिने करायची होती. ताईची भूमिका साक्षीदाराची. तिने पोलीस स्टेशनला लेखी अर्ज दिला, चॅट जोडलं आणि अर्जाची पोच घेतली. तिकडच्या सलूनला बोलावणं गेलं आणि दुसऱ्या दिवशी दोन हजार परत आले.

इथे समोर खरं सलून होतं, मालकीण सापडणारी होती. कधी कधी सलूनच नसतं, नुसतं पेज आणि क्यूआर कोड असतो. तेव्हा अर्ज लिहीत बसू नका. ज्याचे पैसे गेले त्याने आधी १९३० ला फोन करावा किंवा `cybercrime.gov.in` वर नोंद करावी, कारण पैसे पुढच्या खात्यांत पळण्याआधी अडवता आले तरच परत मिळण्याची आशा असते. तिथे तास मोजले जातात.

आम्ही जे केलं नाही

मोह झाला नाही असं नाही. माझ्या मित्रांचा ग्रुप तयार होता: शंभर जण मिळून रिपोर्ट मारू, मॅप्सवर एकेक स्टार देऊ. पण न गेलेल्या जागेचे खोटे रिव्ह्यू हे गूगलच्या नियमांविरुद्ध आहेत, आणि उद्या कोर्टात समोरचा तेच स्क्रीनशॉट घेऊन उभा राहतो. शंभर रिपोर्टपेक्षा योग्य फॉर्ममधला एक दावा जास्त काम करतो.

'चोर' म्हणून रीलही टाकलं नाही. बदनामीचा दावा उलट आपल्यावर येऊ शकतो. ताईने एवढीच पोस्ट टाकली: "आमची एकच शाखा आहे, कॉलेज रोडला. दुसरी शाखा नाही. बुकिंगचा नंबर हाच, पैसे याच नावाच्या खात्यावर." कुणाचं नाव नाही, आरोप नाही. आणि त्या पोस्टनंतर चौकशीचे फोन थांबले.

मॅप्सवर एक-दोन वाईट रिव्ह्यू चुकून ताईच्या पानावर पडले होते, तिकडे गेलेल्या ग्राहकांचे. त्यांना उत्तर दिलं, "आपली भेट आमच्याकडे झालेली दिसत नाही, कृपया पत्ता तपासा." एकीने स्वतःहून रिव्ह्यू काढला, दुसरा अजून तसाच आहे.

शेवटी काय मिळालं

नोटिशीच्या बाराव्या दिवशी हँडल बदललं. बोर्डवर मूळ नावापुढे एक शब्द जोडला, 'श्री' सारखाच काहीतरी. वकील म्हणाले, कोर्टात हेही टिकणार नाही. ताई म्हणाली, लग्नसराई तोंडावर आहे, तारखांना जायला माझ्याकडे वेळ कुठाय? तिने तेवढ्यावर थांबायचं ठरवलं. १,४९९ चं पॅकेज तिकडे अजूनही चालू आहे. त्याचं काही करता येत नाही.

पण एक काम तिने केलं, जे सहा वर्षांपूर्वी करायला हवं होतं. ट्रेडमार्कसाठी अर्ज. सलूनच्या सेवा वर्ग ४४ मध्ये येतात. ऑनलाइन अर्ज केला तर एका व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला एका वर्गासाठी सरकारी फी ४,५०० रुपये आहे. पुढे स्वतःच्या नावाचं तेल किंवा शाम्पू विकायचा असेल तर वर्ग ३ वेगळा घ्यावा लागतो, क्लासेस चालवायचे असतील तर ४१. अर्जाआधी `tmrsearch.ipindia.gov.in` वर तेच नाव आणि त्याच्या उच्चारासारखी नावं शोधून बघा. अर्जात 'कधीपासून वापरतो' ती तारीख कागदांसकट टाका. आमच्याकडे पहिल्या वर्षीचं शॉप अॅक्ट, बोर्ड रंगवल्याची पावती आणि २०० जुन्या पोस्ट होत्या. 'आता वापरणार आहे' असं टाकलंत तर सहा वर्षांची पुण्याई तुम्हीच पुसून टाकता. मंजुरीनंतर नाव जर्नलमध्ये छापून येतं, चार महिने कुणालाही हरकत घेता येते, आणि नोंदणी झाली की ती १० वर्षं चालते.

ही नोंदणी हातात असती तर त्या दिवशी इन्स्टाग्रामच्या ट्रेडमार्क फॉर्ममध्ये तो नोंदणी क्रमांक टाकता आला असता. फॉर्मची ती रिकामी चौकट बघून ताई जे गप्प बसली होती, ते मला अजून आठवतं.

अर्ज भरून झाल्यावर ताईने त्या पहिल्या मेसेजवालीला उत्तर पाठवलं. दीड महिन्याने. "नाही गं, ब्रांच नाही उघडली. पण पेढे आणते."